धूळ जावी, पोत राहावा: घड्याळाच्या फोटोचं टचअप

पहिल्यांदा घड्याळाचे फोटो टचअप करायला घेतले तेव्हा मी सगळ्या फोटोवर सरसकट Dust & Scratches हा फिल्टर लावला होता. धूळ दोन सेकंदांत गायब झाली. फोटो पाठवले आणि उलट विचारणा आली, "पट्टा चामड्याचाच आहे ना? यात प्लास्टिकचा वाटतोय."

चूक माझी होती. त्या फिल्टरला धूळ म्हणजे काय हे कळत नाही. आजूबाजूपेक्षा वेगळा दिसणारा बारीक ठिपका आला की तो पुसायचा, एवढंच त्याला माहीत. चामड्यावरचं छिद्रही असाच एक ठिपका असतं आणि घासलेल्या स्टीलवरची प्रत्येक रेघही तशीच. धुळीबरोबर तीही गेली.

म्हणून आधी हे ओळखायचं की धूळ, ओरखडा आणि बोटाचा ठसा हे तीन वेगवेगळ्या जातीचे दोष आहेत. धूळ खालचा पोत पूर्ण झाकते, त्यामुळे तिथे दुसरीकडून पोत आणून बसवावा लागतो. हलका ओरखडा पोत झाकत नाही, त्यातून फक्त उजेड वेगळा परततो. बोटाचा ठसा पोताच्या वर बसलेला तेलाचा पातळ थर असतो, खालच्या रेघा बहुतेक वेळा शाबूत असतात. तिन्हींवर एकच ब्रश फिरवला की फोटो लोणी फासल्यासारखा दिसायला लागतो.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ: स्टीलचं एक घड्याळ. त्याच्या केसची, म्हणजे धातूच्या डबीची, रुंदी ४० मिमी, केस उशीच्या आकाराची, वरचा भाग रुंद आणि सपाट, त्यावर बाराकडून सहाकडे जाणाऱ्या उभ्या घासलेल्या रेघा. काचेभोवतीची कडी चकचकीत. डायल गडद निळी, पट्टा तपकिरी चामड्याचा. फोटोत केसची रुंदी ४००० पिक्सेल भरते, म्हणजे १ मिमीला १०० पिक्सेल. हा आकडा लक्षात ठेवा, ठशाच्या वेळी तोच कामाला येणार आहे. काम फोटोशॉपमध्ये करतोय असं धरलं आहे.

ब्रश उचलण्याआधी

फोटो १६ बिटमध्ये उघडा. रॉ फाइल असेल तर उघडतानाच शार्पनिंग अगदी कमी करा. शार्पनिंगमुळे धुळीच्या प्रत्येक कणाभोवती उजळ कडा येते, मग कण काढला तरी ती कडा मागे राहते. नॉइज कमी करणाऱ्या Luminance स्लायडरला हात लावू नका, पोत तिथेच मरायला सुरुवात होते. शार्पनिंग सगळं टचअप झाल्यावर, अगदी शेवटी.

आता धूळ कुठली आहे ते बघा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ प्रत्येक फोटोत त्याच जागी, मऊ कडांचा गोल डाग म्हणून दिसते आणि एफ/१६सारख्या लहान छिद्रावर जास्त ठळक होते. वस्तूवरची धूळ कडक कडांची असते आणि वस्तू हलली की तिच्याबरोबर हलते. सेन्सरचे डाग एका फोटोत रॉ टप्प्यातच काढून तीच दुरुस्ती बाकी फोटोंवर लावता येते. वस्तूवरची धूळ मात्र प्रत्येक फोटोत नव्याने काढायची.

मूळ लेयरला कधीच हात लावायचा नाही. वर एक रिकामा लेयर घ्या, त्याला "धूळ" असं नाव द्या. ब्रशच्या पट्टीत Sample या यादीत Current & Below निवडा, म्हणजे पोत खालून उचलला जाईल आणि दुरुस्ती वरच्या लेयरवर पडेल. काही बिघडलं तर तेवढा तुकडा खोडरबराने पुसला की झालं.

सगळ्यात वर एक तात्पुरता Curves लेयर ठेवा आणि त्याची तिरकी रेघ खूप खडी करा, म्हणजे फोटो भडक, कर्कश दिसेल. गडद डायलवरची जी धूळ एरवी डोळ्यांना दिसत नाही ती यात चमकून उठते. शोधताना हा लेयर चालू ठेवा, ब्रश मारताना बंद करा, कारण भडक चित्रात दिसणारा प्रत्येक कण काढायला गेलात तर दिवस संपेल. साध्या चित्रात १००% वर जो दिसतो तोच दोष.

धूळ: कडक ब्रश, एकच ठोका

Ctrl+1 दाबून १००% वर या आणि एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीओळीने पुढे सरका. मन मानेल तिथे उड्या मारल्या तर काही भाग दोनदा बघितला जातो आणि काही अजिबात नाही.

सपाट, एकसारख्या जागी, म्हणजे डायलच्या मोकळ्या भागात, Spot Healing Brush पुरतो. त्याला Sample ची यादी नसते, म्हणून तिथे Sample All Layers वर खूण करा. ब्रश कणापेक्षा किंचितच मोठा ठेवा. नवशिक्यांचा ब्रश नेहमी मोठा असतो: १० पिक्सेलचा कण काढायला ६० पिक्सेलचा ब्रश. त्यामुळे कणाभोवतीचा चांगला पोतही बदलला जातो. ब्रश न ओढता फक्त एकदा टेकवा.

चामड्यावर हाच ब्रश दगा देतो. पोत कुठून उचलायचा हे तो स्वतः ठरवतो आणि बारीक छिद्रांच्या जागी मोठी छिद्रं आणून बसवतो. तिथे साधा Healing Brush घ्या, Alt धरून स्वतः जागा निवडा. निवडताना तीन गोष्टी जुळायला हव्यात: छिद्रांचा आकार, उजेडाची दिशा आणि फोकस. तिसरी गोष्ट बहुतेकजण विसरतात. पट्टा मागे वळत जातो तसा धूसर होतो, तिथे पुढच्या भागातला स्पष्ट पोत आणून लावला तर धूसर चामड्यावर एक खणखणीत ठिगळ दिसतं. केसपासून जितक्या अंतरावर कण आहे तितक्याच अंतरावरून, पट्ट्याच्या रुंदीच्या दिशेने बाजूला सरकून नमुना घ्या.

ब्रशची कडा किती मऊ ठेवायची? शिकवण्या सहसा मऊ ब्रश सुचवतात, कारण कडा दिसत नाहीत. पोत असलेल्या पृष्ठभागावर हा सल्ला उलटा पडतो. मऊ कडेच्या पट्ट्यात जुना पोत अर्धा आणि नवा पोत अर्धा असे मिसळतात, दोन वेगळ्या खडबडीत नमुन्यांची सरासरी निघते आणि सरासरी नेहमी गुळगुळीत असते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीभोवती धूसर कडं उमटतं. हाच प्रकार ३०% अपारदर्शकता ठेवून त्याच जागी चार वेळा ब्रश फिरवल्यावर होतो. पोतावर काम करताना कडकपणा ७० ते ९० टक्के, अपारदर्शकता पूर्ण आणि ठोका एकच. जमला नाही तर त्यावर दुसरा मारू नका, Ctrl+Z करून वेगळ्या जागेचा नमुना घ्या.

डायलवरच्या पांढऱ्या कणांसाठी एक सोपी युक्ती आहे. आणखी एक रिकामा लेयर घ्या, त्याचा ब्लेंड मोड Darken करा आणि Clone Stamp ने शेजारची डायल कणावर आणा. आता जिथे खालचं चित्र जास्त उजळ आहे तिथेच बदल दिसेल, म्हणजे फक्त कणावर. आजूबाजूचा निळा दाणा बराचसा जसाच्या तसा राहतो. हा मोड लेयरलाच द्यायचा, ब्रशला नाही. रिकाम्या लेयरवर ब्रशच्या Darken ला तुलना करायला काही सापडतच नाही. उजळ स्टीलवरच्या काळ्या कणांना याच रीतीने Lighten.

चकचकीत कडीवर आणि काचेवर धूळ अनेकदा जोडीने येते: एक खरा कण, दुसरं त्याचं प्रतिबिंब किंवा डायलवर पडलेली सावली. एक काढून दुसरं राहिलं तर हवेत तरंगणारी सावली दिसते. दोन्ही काढा.

कडांजवळ, म्हणजे डायल आणि कडी जिथे भेटतात तिथे, Healing Brush वापरू नका. तो आजूबाजूचा रंग मिसळतो, त्यामुळे निळ्यात पांढरा धूर शिरतो. आधी निवड करून कडी बाहेर ठेवा, मग Clone Stamp वापरा. Clone Stamp रंग मिसळत नाही, आहे तेच आणून ठेवतो.

ओरखडा: आधी दिशा बघा

घासलेल्या स्टीलवर आडवा ओरखडा म्हणजे उभ्या रेघांना छेदणारी जखम. नमुना कुठून घ्यायचा? हात आपोआप बाजूला जातो. पण बाजूच्या रेघा वेगळ्या आहेत. त्या इथे आणल्या तर वरून आलेली रेघ ओरखड्याजवळ तुटते आणि खाली दुसरीच सुरू होते. नमुना रेघांच्याच दिशेने, थेट वरून किंवा खालून घ्या, म्हणजे तीच रेघ पुढे चालू राहते. Clone Stamp चा नमुना ओरखड्याच्या ४०-५० पिक्सेल वर घ्या, ओरखड्याच्या एका टोकाला क्लिक करा, Shift धरून दुसऱ्या टोकाला क्लिक करा, ब्रश सरळ रेषेत जाईल. ओरखडा लांब असेल तर तीन-चार तुकडे करा आणि प्रत्येकाचं अंतर बदला, नाहीतर तोच पट्टा दोनदा छापल्यासारखा दिसेल.

रेघा गोलाकार असतील, उदाहरणार्थ घासलेली गोल कडी, तर सरळ नमुना बसत नाही. Clone Source या पॅनेलमध्ये कोन देता येतो. कडीवर दहा अंश पुढे सरकून नमुना घेतलात तर तोही दहा अंश फिरवायला हवा. कोन उलट्या दिशेला गेला की लगेच दिसतं, मग चिन्ह बदला.

वरवरचा ओरखडा मात्र भरूच नका. २००% वर नीट बघा: उजळ रेघेच्या आतून स्टीलच्या बारीक रेघा अजून दिसतात का? दिसत असतील तर पोत जिवंत आहे, फक्त प्रकाश जास्त झालाय. Curves चा एक लेयर घ्या, रेघ थोडी खाली ओढा, त्याचा मास्क Ctrl+I ने काळा करा आणि ओरखड्याच्या जाडीइतक्या, दोन-तीन पिक्सेलच्या पांढऱ्या ब्रशने १०% Flow वर त्यावर फिरवा. उजळ रेघ हळूहळू आजूबाजूत विरते. अनेक ओरखड्यांत उजळ रेघेला लागून एक काळी रेघही असते, खोबणीची दुसरी भिंत. तिच्यासाठी रेघ वर ओढलेला दुसरा Curves लेयर. वेळ जास्त लागतो, पण इथे एकही खरा पिक्सेल बदलला जात नाही, त्यामुळे पोत गुळगुळीत होण्याचा प्रश्नच येत नाही.

एक अपवाद. वापरलेलं घड्याळ विकायला काढलं असेल तर त्याचे ओरखडे काढू नयेत. तो फोटोचा दोष नाही, वस्तूची स्थिती आहे. नवीन वस्तूतही शंका आली तर त्याच मालाचा दुसरा नग बघा. खूण दोन्हींवर असेल तर ती घडणीचा भाग आहे, तिला हात लावायचा नाही.

बोटाचा ठसा: पोत आणि रंग वेगळे करा

केसच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा अर्धा ठसा आहे. हा सगळ्यात अवघड भाग, आणि टचअपमधला मला सगळ्यात आवडणाराही.

ठसा Healing Brush ने काढायला गेलात तर काय होतं बघा. ठसा मोठा, ८०० पिक्सेल रुंद. तेवढा स्वच्छ पोत शेजारी सापडत नाही, मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा लागतो. आणि हे सगळं कशासाठी, तर ठशाखाली मूळच्या रेघा सुखरूप असताना. तेल काढायचं, स्टील ठेवायचं, एवढंच काम आहे.

इथे मोजमाप मदतीला येतं. बोटाच्या ठशातल्या दोन शेजारच्या उंचवट्यांमध्ये सुमारे अर्धा मिमी अंतर असतं. आपल्या फोटोत ते झालं ५० पिक्सेल. स्टीलच्या घासलेल्या रेघा ५ ते १० पिक्सेलवर आहेत. म्हणजे ठशाची लाट रुंद, स्टीलची बारीक. फोटोचे दोन थर करून रुंद लाटा खाली आणि बारीक वर ठेवल्या की ठसा खालच्या थरात उतरतो आणि स्टील वरच्या थरात राहतं.

धूळ आणि ओरखडे आधीच निघालेले हवेत, कारण आता सगळं एकत्र करायचं आहे. भडक Curves लेयरच्या लगेच खालचा लेयर निवडून Ctrl+Alt+Shift+E दाबा, एकत्रित प्रत मिळेल. तो भडक लेयर तेव्हा बंद असल्याची खात्री करा. मी तो चालू ठेवून अर्धा तास फुकट घालवलेला आहे. या प्रतीची Ctrl+J ने आणखी एक प्रत काढा. खालचीला "रंग", वरचीला "पोत" असं नाव द्या.

वरची लपवून "रंग" वर Gaussian Blur लावा. त्रिज्या किती? ठशाच्या दोन ओळींतल्या अंतराच्या साधारण दहावा भाग, म्हणजे इथे ५ पिक्सेल. यात स्टीलच्या रेघा पुसल्या जातात आणि ठशाच्या ओळी मात्र ठळक उरतात. नेमकं हेच हवंय. त्रिज्या १५ केलीत तर ठशाच्या ओळीही पुसल्या जाऊन वरच्या थरात जातील, आणि मग खालचा थर कितीही साफ करा, ठसा हटणार नाही. तुमच्या फोटोचं प्रमाण वेगळं असेल, म्हणून Ruler Tool ने ठशाच्या दहा ओळींचं अंतर मोजा, दहाने भागा म्हणजे एका ओळीचं मिळेल, पुन्हा दहाने भागा म्हणजे त्रिज्या.

आता "पोत" दाखवा, निवडा आणि Image मेनूतल्या Apply Image मध्ये हे भरा:

```
Layer: रंग
Channel: RGB
Invert: on
Blending: Add
Opacity: 100
Scale: 2
Offset: 0
```

हे १६ बिटसाठी. लेयर राखाडी दिसेल, घाबरू नका. त्याचा ब्लेंड मोड Linear Light करा. फोटो हुबेहूब पूर्वीसारखा दिसायला हवा. दिसला नाही तर एखादी नोंद चुकली आहे, पुढे जाऊ नका.

"रंग" निवडा. ठशाभोवती Lasso ने निवड करा, Feather सुमारे १५ पिक्सेल, आणि Gaussian Blur ३० पिक्सेल. ठशाच्या ओळी विरघळतील आणि वरच्या थरातल्या स्टीलच्या रेघा जागच्या जागी राहतील. पहिल्यांदा हे बघताना जादू वाटते.

अडचण कडेला येते. ब्लर निवडीच्या बाहेरूनही रंग ओढतो. केसची उजळ कडा किंवा काळी फट जवळ असेल तर तिचा रंग आत पाझरतो आणि कडेला धुरकट पट्टा येतो. म्हणून निवड कडेपासून त्रिज्येच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर थांबवा. कडेजवळचा उरलेला पट्टा "रंग" लेयरवरच, Sample मध्ये Current Layer ठेवून, Clone Stamp ने साफ करा. इथे ब्रश मऊ आणि अपारदर्शकता २०-३० टक्के. धुळीच्या वेळचा नियम इथे बरोबर उलटा होतो, कारण या थरात पोत नाहीच, सरासरीने बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही.

ओळी गेल्या तरी त्या जागेवर एक फिकट धुकं राहतं. तेलाचा थर प्रकाश पसरवतो, त्यामुळे स्टीलमधली गडद प्रतिबिंबं थोडी उजळतात आणि उजळ थोडी मंदावतात. ते Curves आणि मास्कने, मोठ्या मऊ ब्रशने, ५% Flow वर शेजारच्या स्टीलशी जुळवा. डोळे अर्धवट मिटून किंवा फोटो २५% वर नेऊन बघितलं की धुकं लगेच कळतं. १००% वर ते दिसत नाही.

ठशाच्या ओळींचा थोडा अंश वरच्या थरात राहतोच. तो डोळ्यांना जाणवत असेल तरच "पोत" लेयरवर कडक ब्रशने, रेघांच्या दिशेने वरून-खालून नमुना घेऊन तेवढ्या जागा दुरुस्त करा. बहुतेक वेळा गरज पडत नाही.

चकचकीत कडीवरच्या ठशासाठी एवढा खटाटोप नको. तिथे पोत नाही, फक्त प्रतिबिंबाची छटा आहे. पण ठसा तीव्र प्रतिबिंबाच्या धारेवरच असेल, तर ती धार हाताने परत काढावी लागते आणि ती क्वचितच पटते. कापडाने पुसून पुन्हा फोटो काढणं तेव्हा जास्त स्वस्त पडतं.

चुकलंय हे कसं कळतं

तो भडक Curves लेयर पुन्हा चालू करा. पोत जिथे मेला आहे तिथे खळखळत्या पाण्यात शांत डबकं दिसावं तसा सपाट ठिपका दिसतो. चामड्यावर तो हमखास सापडतो. उपाय सोपा आहे, "धूळ" लेयरवरची तेवढी दुरुस्ती पुसा आणि लहान, कडक ब्रशने पुन्हा करा. ठशानंतरच्या प्रतीत चूक अडकली असेल तर "पोत" लेयरवर करा.

नंतर फोटो आडवा उलटा करा. ओळखीचं चित्र अनोळखी झालं की डोळा पुनरावृत्ती पकडतो: तीच दोन छिद्रं आणि त्यांच्यामधली तीच चीर पट्ट्यावर तीन ठिकाणी. त्यातल्या दोन जागी वेगळा नमुना लावा.

शेवटी Alt धरून मूळ लेयरच्या डोळ्यावर क्लिक करा, बाकी सगळे लेयर बंद होतील, पुन्हा क्लिक केलं की चालू. चालू-बंद करताना नजर दोषांवर न ठेवता स्टीलच्या रेघांवर आणि चामड्याच्या छिद्रांवर ठेवा. दोष जागेवरून नाहीसे व्हावेत आणि बाकी काहीही हलू नये. रेघा थरथरल्यासारख्या वाटल्या तर तिथे गरजेपेक्षा जास्त ब्रश फिरला आहे. हे सगळं नीट जमलं की मगच शार्पनिंग.